बीपी, ट्रॅमाडॉल आणि मुतखडा असताना वजन कमी करायच्या जुन्या गोळ्या

प्रश्न: वय 41, वजन 92 किलो, उंची 163 सेमी. बीपी आणि धडधडीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे तरी बीपी 148/94 येतं. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेते. गुडघा जास्त दुखला की ट्रॅमाडॉल, आठवड्यातून दोनतीनदा तरी. चार वर्षांपूर्वी मुतखडा पडून गेला. इंजेक्शन घ्यायचं नाहीये. फेंटरमाइन, फेंटरमाइन-टोपिरामेट, नॅल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑन, ऑर्लिस्टॅट यातली कुठली मला चालेल आणि या गोळ्या नक्की करतात काय?

उत्तर:

ताई, आधी सरळ सांगते. आज तुमचं बीपी जिथे आहे आणि ट्रॅमाडॉल जसं चालू आहे ते बघता यातल्या पहिल्या तीन गोळ्या मी तुम्हाला लिहून देणार नाही. चौथी, ऑर्लिस्टॅट, चालू शकते पण तुमचा मुतखडा कशाचा होता आणि किडनी आत्ता कशी आहे हे कळल्यावरच. आणि यातली एक गोष्ट चांगली आहे, ती म्हणजे तुमच्या अडचणींपैकी दोन (बीपी आणि ट्रॅमाडॉल) सुधारता येण्यासारख्या आहेत, त्यामुळे आज नाही म्हटलेली गोळी तीन महिन्यांनी हो होऊ शकते. मी तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा, पण नेमकं काय विचारायचं ते तरी तुम्हाला माहीत असेल.

तुमचा बीएमआय 34.6 येतो. या गोळ्या साधारण बीएमआय 30 च्या पुढे, किंवा 27 च्या पुढे आणि सोबत बीपी शुगर असं काही असेल तर देतात, म्हणजे वजनाच्या हिशोबाने तुम्ही बसता. पण माझ्याकडे येणारे बरेच जण तिथेच थांबतात, बीएमआय बसला म्हणजे गोळी बसली असं धरून चालतात, आणि खरी गाळणी तर त्यानंतर सुरू होते. कुठल्या गोळीने किती किलो जातात हे मी शेवटी बघते, आधी बघते की माणसाच्या अंगात आधीपासून काय चालू आहे आणि ही गोळी त्याच्या आड कुठे येते.

फेंटरमाइन पासून सुरू करू कारण ती सगळ्यात जुनी, अमेरिकेत 1959 पासून आहे. ती मेंदूत नॉरअॅड्रेनॅलिन सोडायला लावते, तेच रसायन जे आपण घाबरलो किंवा पळायची वेळ आली की वाढतं. अशा वेळी भूक मरते हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं, फेंटरमाइन तीच भूक मारते. पण नॉरअॅड्रेनॅलिन काही फक्त भुकेच्या केंद्रापुरतं राहत नाही, हृदयाचे ठोके वाढतात, बीपी वर जाऊ शकतं, तोंड कोरडं पडतं, झोप उडते, म्हणून ही गोळी सकाळीच घ्यायची असते. आणि भूक मारायचा परिणाम काही आठवड्यांत ओसरायला लागतो. तिथे लोक हमखास एक चूक करतात, परिणाम कमी झाला म्हणून आपल्या मनाने डोस वाढवतात, आणि भूक फारशी कमी होत नाही पण धडधड मात्र वाढते. परिणाम ओसरला की गोळी थांबवायची, डोस वाढवायचा नाही. अधिकृत परवानगीसुद्धा थोड्या काळापुरतीच आहे.

ज्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयाचे अनियमित ठोके, हार्ट फेल्युअर असं काही झालंय, बीपी ताब्यात नाहीये, थायरॉइड वाढलेलं आहे, काचबिंदू आहे, खूप अस्वस्थपणाचा आजार आहे किंवा पूर्वी कुठल्या नशेचा त्रास होता, त्यांनी ही गोळी घ्यायची नाही. एमएओआय गटातली डिप्रेशनची औषधं बंद करून 14 दिवस झाले नसतील तरी नाही, तेव्हा बीपी जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. तुमच्या बाबतीत बीपी 148/94 हेच पुरेसं कारण आहे, शिवाय धडधड आहे. ती धडधड नक्की कशाची हे कोणी शोधलंय का? थायरॉइडच्या गोळीचा डोस जरा जास्त पडत असेल तर टीएसएच खूप खाली जातं आणि धडधड होते, मग त्यावर मेटोप्रोलॉल चालू होतं आणि मूळ कारण तसंच राहतं. हे मी कितीतरी जणींमध्ये बघते. म्हणून पहिल्यांदा टीएसएच आणि एक ईसीजी, आणि ते झाल्याशिवाय फेंटरमाइनचा विषयच काढू नका.

फेंटरमाइनचं नाव निघालं की "हृदयाच्या झडपा खराब करणारी ती हीच ना" असं विचारतात. ती फेनफ्ल्युरामाइन. 1990 च्या दशकात दोन्ही गोळ्या एकत्र द्यायचे, 1997 मध्ये अशा 24 बायकांमध्ये झडपांचे दोष दिसल्याचा रिपोर्ट आला आणि त्याच वर्षी फेनफ्ल्युरामाइन बाजारातून काढली. झडपांवर सेरोटोनिनचा एक विशिष्ट रिसेप्टर असतो, तो फेनफ्ल्युरामाइनमुळे सतत चाळवला जाऊन झडप जाड व्हायची. फेंटरमाइन त्या रस्त्याने काम करत नाही, म्हणून ती राहिली.

आता फेंटरमाइन आणि टोपिरामेट एकत्र असलेली कॅप्सूल. यात फेंटरमाइन कमी डोसमध्ये असतं आणि जोडीला टोपिरामेट, जे मुळात फिट्स आणि मायग्रेनचं औषध आहे. ते भूक आणि खाण्याची ओढ कमी करतं, कसं ते पूर्णपणे उलगडलेलं नाही. या चारात सरासरीने सगळ्यात जास्त वजन याच जोडीने उतरतं, म्हणून लोकांना हीच हवी असते, आणि म्हणूनच ही कोणी टाळायची हे नीट समजून घ्या.

टोपिरामेट शरीरातलं कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम अडवतं. त्याने रक्तातला बायकार्बोनेट कमी होतो म्हणजे रक्त थोडं आम्लाकडे झुकतं, आणि लघवी उलट अल्कलीकडे जाते. त्याच वेळी लघवीतलं सायट्रेट कमी होतं, जे एरवी खडा धरू देत नाही. झालं काय, कॅल्शियम फॉस्फेटचे खडे व्हायला आयती जागा मिळाली. ज्या बाईचा एकदा खडा पडून गेलाय तिला ही गोळी देताना मी दहा वेळा विचार करते. बाकी हातापायाला, ओठांभोवती मुंग्या येणं खूप सामान्य आहे, शब्द पटकन न आठवणं, लक्ष न लागणं हेही होतं, आणि ज्यांचं काम बोलण्याचं किंवा आकडेमोडीचं आहे त्यांना ते फार जाणवतं. डोळा अचानक दुखायला लागला, लाल झाला, अंधुक दिसायला लागलं, तर ती वाट बघायची गोष्ट नाही, डोळ्यातलं प्रेशर एकदम वाढलेलं असू शकतं, साधारण पहिल्या महिन्यातच होतं, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं.

आणि पाळी चालू असलेल्या प्रत्येक बाईसाठी महत्त्वाचं. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत टोपिरामेट पोटात गेलं तर बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेला असण्याचा धोका वाढतो, आणि हा अवयव बनतो तेव्हा बऱ्याच बायकांना आपण गरोदर आहोत हे कळलेलंही नसतं. म्हणून सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग दर महिन्याला टेस्ट, आणि खात्रीचं गर्भनिरोधक. 41 वय आहे, आता काय होतंय, असं म्हणून हे सोडू नका. वजन उतरायला लागलं की बंद पडलेली किंवा अनियमित पाळी परत नियमित होते आणि दिवस राहायची शक्यता उलट वाढते.

कोणाला दिलीच तर 3.75/23 मिग्रॅने 14 दिवस सुरू करायची, मग 7.5/46 वर न्यायची. त्या डोसवर 12 आठवड्यांत सुरुवातीच्या वजनाच्या 3 टक्के तरी उतरले नाहीत तर बंद करायची किंवा टप्प्याटप्प्याने वाढवायची. सगळ्यात वरच्या 15/92 डोसवरून एकदम मात्र सोडायची नाही, आधी किमान आठवडाभर एक दिवसाआड घेऊन मग थांबायचं, नाहीतर अचानक सोडल्याने फिट येऊ शकते, ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नाही त्यालाही.

तिसरी गोळी नॅल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑन. इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण तुमचा ट्रॅमाडॉलचा मुद्दा इथेच येतो, आणि तुम्ही तो स्वतःहून लिहिलात हे फार बरं केलंत. बरेच जण पेनकिलर हे "औषध चालू आहे का" या प्रश्नाच्या उत्तरात धरतच नाहीत, रोजचं नसतं ना, म्हणून.

ही गोळी कशी चालते बघा. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी असतात ज्या "पोट भरलं" हा संदेश पाठवतात. ब्युप्रोपिऑन, जे मूळचं डिप्रेशनचं आणि सिगारेट सोडायचं औषध, ते या पेशींना चालना देतं. पण या पेशी कामाला लागल्या की त्याच स्वतः बीटा-एंडॉर्फिन नावाचा शरीरातला नैसर्गिक अफूसारखा पदार्थ सोडतात, आणि तो उलटा येऊन त्याच पेशींना गप्प करतो. म्हणजे अॅक्सिलरेटर दाबला की ब्रेक आपोआप लागतो. नॅल्ट्रेक्सोन हे अफूवर्गीय औषधांचा परिणाम अडवणारं औषध, ते हा ब्रेक लागू देत नाही. एकटं ब्युप्रोपिऑन वजनावर थोडंसंच काम करतं, एकटं नॅल्ट्रेक्सोन जवळपास नाहीच, दोन्ही मिळून बरं करतात.

आता ट्रॅमाडॉल. तेही अफूवर्गीय पेनकिलर आहे, भले त्याला सौम्य म्हणत असतील. नॅल्ट्रेक्सोनने ते रिसेप्टर अडवून ठेवले की ट्रॅमाडॉलला चिकटायला जागाच राहत नाही. तुम्ही अधूनमधून घेता म्हणजे गोळीचा हवा तसा उपयोग होणार नाही, गुडघा ठणकतच राहील. जो रोज घेतो त्याला तर पहिल्याच नॅल्ट्रेक्सोनने विड्रॉवल सुरू होतो, घाम, उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं, भयंकर अस्वस्थता. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे दुखणं थांबत नाही म्हणून माणूस पेनकिलर वाढवत जातो, नॅल्ट्रेक्सोनचा अंमल उतरला की तेवढा डोस एकदम लागू पडतो आणि श्वास मंदावतो.

एवढ्यावर संपत नाही. ट्रॅमाडॉलने फिट यायचा उंबरठा खाली येतो आणि ब्युप्रोपिऑननेही येतो, दोन्ही एकत्र म्हणजे धोक्यात भर. शिवाय लिव्हरमधलं सीवायपी2डी6 नावाचं एन्झाइम ट्रॅमाडॉलला त्याच्या जास्त प्रभावी रूपात बदलतं, ब्युप्रोपिऑन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. आणि तेच एन्झाइम तुमचं मेटोप्रोलॉलही शरीरातून काढत असतं, ते अडलं की मेटोप्रोलॉल रक्तात साचतं, नाडी 50 च्या खाली जाऊन चक्कर येऊ शकते. म्हणजे तुमच्या आत्ताच्या दोन औषधांशी या एका गोळीचं दोन बाजूंनी भांडण आहे, आणि वरून ब्युप्रोपिऑन बीपीही थोडं चढवतं, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, ताब्यात नसलेलं बीपी असेल तर ही द्यायचीच नसते.

आणखी कोणी टाळायची? ज्यांना फिट्सचा आजार आहे, ज्यांना पूर्वी किंवा आत्ता बुलिमिया किंवा अॅनोरेक्सिया आहे (यांच्यात ब्युप्रोपिऑनने फिट येण्याचं प्रमाण जास्त दिसलंय), जे दारू किंवा झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या अचानक बंद करतायत, जे अफूवर्गीय औषध नियमित घेतात, आणि जे आधीच दुसऱ्या नावाने ब्युप्रोपिऑन घेतायत. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, सिगारेट सोडायला एका डॉक्टरांनी दिलेलं आणि वजनाला दुसऱ्यांनी दिलेलं एकच औषध निघतं आणि डोस दुप्पट होतो. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरपसुद्धा अफूवर्गीय औषधांतच येतं. पंचविशीच्या आतल्या तरुणांमध्ये सुरुवातीला मूड बिघडतोय का, जगणं नकोसं वाटतंय का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, ब्युप्रोपिऑनमुळे हा इशारा या गोळीवर आहे.

घ्यायची पद्धतही सांगते कारण निम्मे त्रास चुकीच्या घेण्याने होतात. एका गोळीत नॅल्ट्रेक्सोन 8 आणि ब्युप्रोपिऑन 90 मिग्रॅ असतं. पहिल्या आठवड्यात सकाळी एक, दुसऱ्यात सकाळी एक संध्याकाळी एक, तिसऱ्यात सकाळी दोन संध्याकाळी एक, चौथ्यापासून दोन-दोन. घाईने वाढवली की मळमळ इतकी होते की लोक सोडूनच देतात. गोळी मोडायची, चावायची, कुटायची नाही, ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली आहे, मोडली की सगळं ब्युप्रोपिऑन एकदम रक्तात येतं. खूप तेलकट जेवणाबरोबरही घ्यायची नाही, त्याने औषध जास्त शोषलं जातं आणि फिटचा धोका वाढतो. एखादा डोस चुकला तर चुकला, पुढचा दुप्पट करू नका.

आता ऑर्लिस्टॅट. बाकीच्या तिन्ही डोक्यावर काम करतात, ही आतड्यात. जेवणातलं फॅट जसंच्या तसं शोषलं जात नाही, ते लायपेज नावाच्या एन्झाइमने तोडावं लागतं. ऑर्लिस्टॅट लायपेजला चिकटून त्याला निकामी करतं, मग खाल्लेल्या फॅटपैकी साधारण 30 टक्के न पचता बाहेर पडतं. हिशोब करा, दिवसाला 60 ग्रॅम फॅट खात असाल तर साधारण 18 ग्रॅम गेलं, म्हणजे 160 च्या आसपास कॅलरी. इतकंच. म्हणून हिचा परिणाम सौम्य आहे, वर्षभरात नुसत्या डाएटवाल्यांपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त. साखर आणि पिठाच्या कॅलरीवर ही काहीच करत नाही, भूकही कमी करत नाही, त्यामुळे ज्यांचं वजन गोडाने वाढतंय त्यांना हिचा फार उपयोग होत नाही आणि हे आधीच सांगितलेलं बरं. पण रक्तात जवळजवळ जातच नाही, बीपी वाढवत नाही, झोप उडवत नाही, ट्रॅमाडॉलशी भांडत नाही. चार वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात, साधारण 3300 लोक होते, डायबेटिस होण्याचं प्रमाणही हिने 37 टक्क्यांनी कमी झालं होतं.

त्रास काय तर न पचलेलं फॅट बाहेर येतं. तेलकट संडास, एकदम घाईची लागणं, गॅसबरोबर तेल येऊन कपडे खराब होणं. लाजेने लोक हे सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. एका जेवणात फॅट खूप झालं की हे होतं, फॅट तिन्ही जेवणांत सारखं वाटून आणि एकूण कॅलरीच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवलं की बरंच कमी होतं.

तुमच्यासाठी अडचण दोन ठिकाणी आहे. एक मुतखडा. एरवी जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं आणि दोन्ही संडासवाटे जातात. ऑर्लिस्टॅटवर असताना न पचलेलं फॅट ते कॅल्शियम आपल्याकडे ओढतं, ऑक्झलेट मोकळं राहतं, शोषलं जातं आणि लघवीत येतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, जो सगळ्यात जास्त आढळतो, त्याला हे खतपाणीच. क्वचित हे ऑक्झलेट किडनीत बसून किडनीच खराब करतं, हे जास्त करून ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांच्यात. म्हणून तो खडा तेव्हा तपासायला दिला होता का, रिपोर्ट आहे का, ते शोधा. नसेल तर 24 तासांच्या लघवीची तपासणी करून घ्या ज्यात ऑक्झलेट, सायट्रेट, कॅल्शियम कळतं, सोबत क्रिएटिनिन आणि एक सोनोग्राफी. ऑक्झलेट आधीच जास्त असेल किंवा किडनी कमी काम करत असेल तर मी ऑर्लिस्टॅट देणार नाही. सगळं नॉर्मल असेल तर भरपूर पाणी आणि तीन महिन्यांनी परत क्रिएटिनिन या अटीवर देईन. मध्येच कमरेतून कळ आली, लघवी लाल झाली किंवा कमी झाली तर गोळी त्याच दिवशी बंद.

दुसरी अडचण थायरॉइडची गोळी. ऑर्लिस्टॅटने तिचं शोषण कमी होऊ शकतं म्हणून दोन्हींत किमान 4 तास ठेवायचे. डोस कागदावर 120 मिग्रॅ दिवसातून तीनदा जेवताना किंवा जेवल्यावर तासाभरात असा असतो, पण ज्या जेवणात फॅट नाही त्याला गोळी घ्यायचीच नसते, घेऊन काही उपयोग नाही. त्याचाच फायदा घ्या. थायरॉइडची गोळी सकाळी 6 ला, नाश्ता हलका, जवळपास बिनफॅटचा आणि ऑर्लिस्टॅटशिवाय, मग दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर ऑर्लिस्टॅट. फॅटबरोबर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनंही वाहून जातात म्हणून रोज एक मल्टिव्हिटॅमिन, रात्रीच्या ऑर्लिस्टॅटनंतर निदान 2 तासांनी झोपताना. म्हणजे ते थायरॉइडच्या गोळीपासूनही लांब राहतं, कारण मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह आणि कॅल्शियम तिलाही अडवतं. 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच परत करा.

ऑर्लिस्टॅट कोणी टाळायचं ते पटकन सांगते. ज्यांना अन्न नीट शोषलं न जाण्याचा जुना आजार आहे, पित्त अडकून कावीळ होते, गरोदर आहेत त्यांनी नाही. वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के कमी होऊन रक्त जास्तच पातळ होतं, आयएनआर वरचेवर बघावा लागतो. फिट्सची औषधं, एचआयव्हीची औषधं, ट्रान्सप्लांटनंतरचं सायक्लोस्पोरिन यांचं रक्तातलं प्रमाण घटू शकतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, काही देशांत 60 मिग्रॅची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते तरीही. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं झालं तर लगेच लिव्हरची तपासणी, क्वचित होतं पण होतं. आणि गरोदरपणात यातली कुठलीच वजनाची गोळी घ्यायची नाही, अंगावर पाजत असाल तर फेंटरमाइन, टोपिरामेटची कॅप्सूल नकोच, बाकीचीही विचारल्याशिवाय नाही.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन. आधी टीएसएच, ईसीजी, क्रिएटिनिन, बायकार्बोनेट, लघवीची तपासणी. मग मेटोप्रोलॉलचा विचार, कारण बीटा ब्लॉकरने वजन थोडं वाढतंच आणि तुमचं बीपीही त्याने ताब्यात नाहीये. ईसीजी ठीक असेल आणि धडधडीचं कारण थायरॉइडचा डोस निघालं तर तो कमी करून मेटोप्रोलॉलच्या जागी दुसऱ्या गटातली बीपीची गोळी बसवता येते. पण हे तुमच्या हाताने करू नका, मेटोप्रोलॉल एकदम सोडलं की ठोके आणि बीपी उसळून येतात, एक-दोन आठवड्यांत हळूहळू कमी करतात. गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉलऐवजी लावायचं जेल, व्यायाम शिकवणारे फिजिओ, गरजेला पॅरासिटामॉल हे बघा, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेऊ नका, त्याही बीपी चढवतात आणि किडनीला जड जातात. बीपी घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर मोजा आणि लिहून ठेवा, नाडीसकट.

लघवीचा रिपोर्ट चांगला आला तर ऑर्लिस्टॅट वरच्या पद्धतीने तेव्हाच सुरू करता येईल, त्यासाठी थांबायचं कारण नाही. रिपोर्ट वाईट आला तर थांबा, आणि बीपी सलग 130/80 च्या आसपास आलं, ट्रॅमाडॉल पूर्ण बंद होऊन निदान 10 दिवस झाले, मेटोप्रोलॉलही बदललं, फिट्सचा किंवा खाण्याच्या आजाराचा इतिहास नाही, अशा वेळी नॅल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑनचा विचार करता येतो, पहिले चार आठवडे दर आठवड्याला बीपी आणि नाडी बघत. पुढे कधी ऑपरेशन किंवा दात काढायचं ठरलं तर ही गोळी चालू आहे हे आधीच सांगायचं, नाहीतर तिथले पेनकिलर लागू पडणार नाहीत. टोपिरामेटची कॅप्सूल तुमच्यासाठी माझ्या यादीत सगळ्यात शेवटी, खड्यामुळे.

एक गोष्ट मध्येच सांगते कारण ती जिवाशी आहे. गोळ्या नाही म्हटल्या की लोक "नैसर्गिक", "हर्बल" स्लिमिंग कॅप्सूलकडे वळतात. अशा कितीतरी कॅप्सूलमध्ये न सांगता सिब्युट्रामाइन घातलेलं सापडलंय, जे हृदयविकार आणि स्ट्रोकचं प्रमाण वाढतं म्हणून 2010 मध्ये बऱ्याच देशांनी बंद केलं. तुमच्यासारख्या बीपी आणि धडधड असलेल्या बाईसाठी ते फेंटरमाइनपेक्षाही वाईट, कारण डोस किती आहे हेच कोणाला माहीत नसतं. एखाद्या हर्बल कॅप्सूलने दोन दिवसांत भूक मेली, तोंड कोरडं पडलं आणि झोप गेली तर समजा आत काहीतरी वेगळं आहे आणि बंद करा.

कुठलीही गोळी सुरू झाली की पूर्ण डोसवर 12 आठवडे झाल्यावर वजन बघायचं. तुमच्या 92 किलोचे 5 टक्के म्हणजे 4.6 किलो. ऑर्लिस्टॅटवर किंवा नॅल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपिऑनवर तेवढे गेले नाहीत तर ती गोळी तुमच्या शरीरात काम करत नाही असं धरून थांबवायचं, आणखी सहा महिने रेटून फरक पडत नाही, त्रास आणि पैसा मात्र जातो. गेले असतील तर पुढे चालू ठेवायची की नाही हे बीपी, क्रिएटिनिन, टीएसएच बघून ठरवायचं, आणि बंद केल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत चढतं हे डोक्यात ठेवून. वजन उतरलं की बीपीच्या गोळीचा डोसही जास्त व्हायला लागतो, उठताना चक्कर यायला लागली तर बसून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी मोजा आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा.

खड्याचा रिपोर्ट सापडला तर त्यात काय लिहिलंय ते इथे टाका, नाव वगैरे झाकून. त्यावर ऑर्लिस्टॅट हो की नाही ते बरंचसं ठरेल.